तार कापायची की पुसायची?

घर विकायला काढलं की पहिला फोटो समोरच्या रस्त्यावरून काढला जातो, आणि पाहणाऱ्याला त्यात घराआधी तारा दिसतात. प्रत्यक्षात आपण तारांकडे लक्ष देत नाही, पण कॅमेरा सगळं सारखंच टिपतो. मग जाहिरात टाकण्याआधी कुणीतरी म्हणतं, "ते जरा काढून टाक ना." काढायचे मार्ग दोन. फोटोची कड कापायची, म्हणजे क्रॉप. किंवा नको त्या भागावर मास्क आखून तिथे आजूबाजूचं आकाश किंवा भिंत भरायची. निवड बहुतेकदा सोयीने होते. खरं तर ती नको असलेली वस्तू फोटोत नेमकी कुठे आहे आणि घर घेणाऱ्याला ती रोज दिसणार आहे का, यावरून व्हायला हवी.

नाशिकमधल्या एखाद्या वसाहतीतलं दुमजली रो हाऊस घेऊ. मोबाइलवर काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे. डाव्या कडेला विजेचा खांब आणि शेजारच्या कंपाउंडवर दवाखान्याची पाटी. वरून दोन तारा तिरप्या आल्या आहेत. एक फक्त आकाशातून जाते, दुसरी गच्चीच्या कठड्यापुढून येऊन भिंतीवरच्या लोखंडी ब्रॅकेटला टेकते. ती याच घराची सर्व्हिस वायर. आणि फाटकावर बांधलेला ‘विकणे आहे’चा फ्लेक्स, मोबाइल नंबरासकट.

खांब आणि पाटी डावीकडच्या ५०० पिक्सेलमध्ये मावतात, घराची भिंत ७५०च्या आसपास सुरू होते. इथे कापणंच सोपं. डावीकडून ५५० पिक्सेल काढले की रुंदी ३४५० उरते. चारास तीन हेच प्रमाण ठेवायचं तर उंची साधारण २५८८ हवी, म्हणजे ४१२ पिक्सेल वरून-खालून जायला हवेत. त्यातले ३०० खालच्या डांबरी रस्त्याचे घेतले तर घराला धक्का लागत नाही, उरलेले ११२ आकाशातले. पोर्टलवर पाहायला ही रुंदी पुरून उरते, त्यामुळे फोटो फाटेल ही भीती नको. भीती आहे ती आकाराची. हाच फोटो सोळास नऊ अशा आडव्या पट्टीत बसवायला गेलात तर उंची जेमतेम १९४० उरते आणि एकतर गच्ची जाते किंवा फाटक. घराचा कोपरा कापलेला फोटो पाहणाऱ्याला लगेच खटकतो. पलीकडे काहीतरी लपवलंय, असं वाटतं. आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

तारा मात्र कापून जात नाहीत. त्या घराच्या डोक्यावरून जातात, त्यांच्यासाठी आकाश कापायचं तर गच्चीही जाईल. इथे मास्क लागतो. नुसत्या आकाशातली तार सर्वांत सोपी. गिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममधलं किंवा मोबाइलवरच्या स्नॅपसीडमधलं हीलिंग तिथे चांगलं चालतं, पण तार एका दमात न पुसता छोट्या छोट्या तुकड्यांत पुसावी. आकाश क्षितिजाकडे फिकं आणि वर गडद होत जातं. लांब पट्टा एकदम भरला की रंगाचा टप्पा दिसतो.

नवशिका इथे एका गोष्टीत हमखास फसतो. मोबाइल फोटोला आपणहून धार लावतो, त्यामुळे काळ्या तारेच्या दोन्ही बाजूंना बारीक उजळ किनार उमटते. तार सहा पिक्सेल रुंद दिसत असेल तर मास्क दहा-बारा पिक्सेलचा हवा. नेमका तारेपुरता आखलात तर तार जाते आणि तिच्या जागी पांढुरकी भुताटकी रेघ राहते. तपासायला फोटोचा काँट्रास्ट तात्पुरता भरपूर वाढवून बघावा. जे डोळ्याला दिसत नव्हतं ते पट्ट्यासारखं उठून येतं.

कठड्यापुढून जाणारी तार अवघड. हीलिंग आजूबाजूचे रंग मिसळतं, त्यामुळे कठड्याची कड तिथे वितळल्यासारखी होते. अशा ठिकाणी क्लोन टूलने कठड्याचाच शेजारचा तुकडा, कड कडेला जुळवून, आणावा लागतो. दुपारच्या उन्हात तारेची सावली भिंतीवर पडलेली असते, तीही पुसावी लागते. आणि इतकं करून भिंतीवरचं ब्रॅकेट राहिलंच, त्यातून काहीच निघत नाही असं. माझं मत सांगायचं तर सर्व्हिस वायर राहू द्यावी. घरात वीज आहे हे पाहून कुणी गिऱ्हाईक परत गेलेलं नाही.

फाटकावरच्या फ्लेक्सचं काय? तोही मास्कने काढता येतो, पण फ्लेक्समागे जाळी असते आणि तिची प्रत्येक सळई हाताने नव्याने उभी करावी लागते. त्यापेक्षा सुतळी सोडा, फ्लेक्स बाजूला ठेवा आणि फोटो पुन्हा काढा. त्याच फेरीत दोन पावलं उजवीकडे-डावीकडे सरकून पाहिलं, तर खांबही कधी कधी झाडाआड जातो आणि कापाकापीच वाचते.

दोन्ही कामं करायची असतील तर क्रमाला महत्त्व आहे. आधी घराच्या उभ्या रेषा सरळ कराव्यात, कारण त्यातच कडा थोड्या खर्ची पडतात. मग मास्क, आणि कापणं अगदी शेवटी. आधीच कापलंत तर तारेच्या जागी भरायला लागणारं मोकळं आकाश तुम्हीच फेकून दिलेलं असतं.

आता आकाशातली ती पहिली तार. ती कसली आहे, हे पुसण्याआधी पाहायला हवं. खांबाच्या माथ्यावर आडवा लोखंडी अँगल, त्यावर चिनीमातीचे इन्सुलेटर आणि तीन उघड्या तारा असतील तर ती बहुधा ११ केव्हीची लाइन. सुरक्षा नियमांनुसार अशी तार इमारतीपासून उभ्या अंतरात किमान ३.७ मीटर आणि आडव्या अंतरात १.२ मीटर दूर असावी लागते. म्हणजे पुढेमागे एक मजला चढवायचा विचार असलेल्या माणसासाठी ती तार व्यवहाराचाच भाग आहे. ती फोटोतून पुसणं म्हणजे फोटो साफ करणं नव्हे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्यावर दोष सांगण्याची जबाबदारी टाकली आहे, पण ती साध्या काळजीने खरेदीदाराच्या लक्षात येणार नाहीत अशा दोषांपुरती. डोक्यावरची तार तर फाटकाशी उभं राहताच दिसते. त्यामुळे पुसणाऱ्याच्या पदरात पडतं ते एवढंच, की गिऱ्हाईक येतं, वर बघतं आणि पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास सोडून देतं.

कॅलिफोर्नियात या भेदाचा कायदाच झाला. १ जानेवारी २०२६पासून तिथे विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोतून विजेचे खांब, रस्त्यावरचे दिवे किंवा शेजारची घरं डिजिटल पद्धतीने काढली, तर तसं स्पष्ट सांगावं लागतं आणि मूळ फोटोही उपलब्ध ठेवावा लागतो. नुसतं कापणं, सरळ करणं, उजेड सुधारणं मात्र यातून वगळलेलं आहे. तर्क समजतो: कापलेला फोटो कमी दाखवतो, पुसलेला फोटो नसलेलं दाखवतो. तरी कापणाऱ्याला इतकं सहज सोडणं मला पटत नाही. आपल्या रो हाऊसच्या डावीकडचा दवाखाना चौकटीबाहेर गेला, पण संध्याकाळी पेशंटच्या गाड्या फाटकासमोरच लागणार आहेत. मुख्य फोटो कापलेला असू दे, जाहिरातीत दुसरा एक फोटो रस्त्याच्या टोकावरून, खांब आणि पाटीसकट, घालावा. त्याला मास्क लागत नाही आणि एका मिनिटात काढून होतो.