गोळीचा वेग सांगणारी फीत

मस्केट बंदुकीची गोळी पंचवीस फूट अंतर सेकंदाच्या साठाव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात कापते. एवढा बारीक वेळ मोजणारं घड्याळ अठराव्या शतकात कुणाकडेच नव्हतं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने मग वेळ मोजायचा नादच सोडून दिला. त्याने एका तिवईला जड लोखंडी लंबक टांगला, त्यावर लाकडाचा जाड ठोकळा बसवला आणि लंबकाच्या खालच्या टोकाला एक फीत बांधली. ही फीत दोन पोलादी कडांच्या फटीतून ओवलेली होती. गोळी लाकडात घुसली की लंबक मागे जायचा आणि झोक्याबरोबर फीत ओढली जायची. लंबक परत आला तरी ओढलेली फीत तशीच राहायची. ती मोजली की पुढचं काम कागदावर. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तोफविद्येवरच्या पुस्तकात ही युक्ती आहे.

तिच्यातलं गणित एका उदाहरणाने पाहू. आकडे रॉबिन्सच्या उपकरणाच्या जवळपासचेच घेतले आहेत. समजा, ३८ ग्रॅमची शिशाची गोळी दीड मीटर लांब दोऱ्यांवर टांगलेल्या २५ किलोच्या ठोकळ्यात घुसून तिथेच रुतली आणि फीत २९ सेंटिमीटर ओढली गेली. यावरून ठोकळा किती वर चढला ते भूमितीने निघतं: फितीच्या लांबीचा वर्ग भागिले दोऱ्याच्या लांबीची दुप्पट. उत्तर येतं २.८ सेंटिमीटर. एवढीशी उंची पट्टीने मोजायला गेलं तर हमखास चूक होते. म्हणून उंचीऐवजी दहापट लांब अशी फीत मोजायची.

आता उलट्या क्रमाने जाऊ. झोका जाताना दोऱ्यांचा ताण नेहमी ठोकळ्याच्या हालचालीला काटकोनात असतो. त्यामुळे तो ऊर्जा देतही नाही, काढूनही घेत नाही. खाली असलेली सगळी गतिज ऊर्जा वर स्थितिज होते. २.८ सेंटिमीटर चढण्यासाठी ठोकळ्याला तळाशी सेकंदाला ०.७४ मीटर वेग लागतो. इथवर ऊर्जेच्या अक्षय्यतेचं काम.

धडकेच्या वेळी मात्र हा नियम लावायचा नाही. लाकूड फाटतं, शिसं चेपतं, दोन्ही तापतात. ऊर्जा तिथे खर्ची पडते. टिकतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तो का टिकतो, हे नीट पाहण्यासारखं आहे. गोळी दहा सेंटिमीटर आत जाऊन थांबली, तर त्याला सेकंदाचा सुमारे अडीच हजारावा हिस्सा लागतो. तेवढ्यात ठोकळा एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. दोऱ्या उभ्याच असतात, त्यांचा ताण सरळ वर असतो, आणि आडव्या दिशेने बाहेरून कुणी ढकलत नाही की अडवत नाही. म्हणून गोळीचा संवेग जसाच्या तसा गोळी आणि ठोकळा या जोडीकडे जातो. ही जोडी गोळीच्या सुमारे ६५९ पट जड आहे, म्हणजे गोळीचा वेगही ०.७४ च्या ६५९ पट: सेकंदाला साधारण ४९० मीटर.

धडकेतही ऊर्जा टिकते असं धरलं असतं, तर उत्तर १९ मीटर आलं असतं, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. फिरकी गोलंदाजाचा चेंडूही सहसा याहून वेगात जातो! प्रत्यक्षात गोळीच्या साडेचार हजार ज्यूल ऊर्जेपैकी झोक्याच्या वाट्याला जेमतेम सात ज्यूल येतात. अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांत नेमकी हीच चूक होते, आणि आकडा डोळ्यांसमोर ठेवला तर ती लगेच पकडता येते.

प्रयोग फसण्याच्याही जागा आहेत. लाकडाच्या ढलप्या मागे उडाल्या, तर त्या जाताना ठोकळ्याला जादा धक्का देतात आणि वेग फुगून येतो. गोळी आरपार गेली, तर थोडा संवेग सोबत घेऊन जाते आणि वेग कमी दिसतो. रॉबिन्सचा लंबक एका आसावर फिरणारा होता, त्यामुळे गोळी आसापासून किती अंतरावर लागली हेही त्याला हिशेबात धरावं लागलं. पडताळा घ्यायचा तर ठोकळ्याचं वजन बदलून पाहावं. वजन दुप्पट केल्यावर फीत निम्मी ओढली गेली आणि वेग तोच आला, तर मोजमाप विश्वासाचं.

रॉबिन्सने पुढे जे केलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्याने लंबक बंदुकीपासून २५, ७५ आणि १२५ फुटांवर ठेवून पाहिला. वेग आले सेकंदाला १६७०, १५५० आणि १४२५ फूट. फक्त शंभर फुटांत एवढी घट! हिशेब केल्यावर हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या तब्बल १२० पट निघाला. हवेचा अडथळा नगण्य मानून गोळ्यांचा मार्ग शुद्ध परवलय धरणारी तोफविद्या त्या आकड्यापुढे टिकणं शक्य नव्हतं. ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७४५ साली हे पुस्तक स्वतःच्या विस्तृत टिपांसह जर्मनमध्ये आणलं. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.