हॉटेलला थंडावा पाण्याचा की गॅसचा?

नाशिकमध्ये ८० खोल्यांचे एक हॉटेल उभे राहते आहे असे समजा. सोबत ३०० माणसांचा बँक्वेट हॉल, एक रेस्टॉरंट आणि लॉबी. कडक उन्हात, हॉटेल भरलेले असताना, इमारतीला एकदम लागणारा थंडावा साधारण १३० टनांचा. हा आकडा हाती आला की मालकापुढे दोन कोटेशने येतात, एक चिल्ड वॉटरचे आणि दुसरे व्हीआरएफचे.

चिल्ड वॉटरमध्ये गॅस मशीनरूममधल्या चिलरमध्येच राहतो. चिलर पाणी सुमारे ७ अंशांपर्यंत गार करतो, पंप ते खोल्याखोल्यांत पोहोचवतात आणि खोलीतली उष्णता घेऊन ते १२ अंशांच्या आसपास परत येते. व्हीआरएफमध्ये मध्ये पाणी नसतेच. गच्चीवरच्या आउटडोअर युनिटमधून तांब्याच्या नळ्यांनी गॅस थेट प्रत्येक खोलीतल्या युनिटपर्यंत जातो. डायकिन कंपनीने १९८२ मध्ये ही पद्धत जपानमध्ये बाजारात आणली.

दोन्ही कोटेशनांत मशीन पूर्ण ताकदीने चालताना किती वीज खाते हे ठळक छापलेले असते. हॉटेलचा कस मात्र रिकाम्या रात्री लागतो. पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी २० खोल्या भरल्या आहेत, हॉल बंद आहे. तेव्हा गरज असते जेमतेम १० टनांची. १३० टनांचा एकच स्क्रू चिलर असेल, तर तो साधारण पाव क्षमतेच्या, म्हणजे ३२ टनांच्या खाली नीट उतरत नाही. तो सतत चालू-बंद होत राहतो आणि वीस खोल्यांसाठी मोठे पंप रात्रभर फिरतात. एकाऐवजी लहान-मोठे दोन चिलर आणि वेग कमी-जास्त होणारे पंप घेतले तर हे बरेच सुधारते, पण खर्च वाढतो.

व्हीआरएफ इथे सरस ठरते. तिचे कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी करतात आणि ज्या गटात पाहुणे नाहीत, त्याचे आउटडोअर युनिट बंदच राहते. त्यासाठी रिसेप्शनने एक मजला भरल्यावरच पुढचा उघडायला हवा. वीस पाहुणे पाच मजल्यांवर विखुरले, तर पाचही मजल्यांची युनिटे थोडी थोडी चालत राहतात.

नाशिकसारख्या ठिकाणी पाण्याचाही हिशेब आहे. चिलरला कूलिंग टॉवर जोडला, तर दर टनामागे ताशी सुमारे ६ लिटर पाणी वाफ होऊन जाते. टॉवरमधले क्षार काढून टाकण्यासाठी सोडावे लागणारे पाणी वेगळे. सरासरी ६० टन भार १५ तास राहिला, तर दिवसाला सात-आठ हजार लिटर लागतात. टंचाईच्या महिन्यांत म्हणजे रोज जवळजवळ एक टँकर. हवेने गार होणारा चिलर हे पाणी वाचवतो, पण वीज जास्त घेतो.

मग सगळीकडे व्हीआरएफच का नको? कारण तिचा गॅस पाहुण्याच्या डोक्यावरून जातो. पाहुणा झोपलेला असताना सांधा उसवला, तर त्या गटातला सगळा गॅस एकाच खोलीत उतरू शकतो. तो हवेपेक्षा जड असतो आणि प्राणवायूची जागा घेतो. आर-४१०ए या गॅससाठी अमेरिकेतील ॲश्रे संस्थेच्या मानकातली मर्यादा घनमीटरला ०.४२ किलो आहे. २५ चौरस मीटरच्या, २.८ मीटर उंचीच्या खोलीत ७० घनमीटर हवा मावते, म्हणजे मर्यादा झाली २९ किलो. आता बारा खोल्यांचा एक गट घ्या. कारखान्यातून भरून आलेला गॅस १२ किलो, लांब नळ्यांसाठी साइटवर भरलेला आणखी १८. एकूण ३० किलो. मर्यादा ओलांडली! उपाय सोपा आहे. तो गट सहा-सहा खोल्यांच्या दोन गटांत तोडायचा. पण तो नकाशावरच करावा लागतो, फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर नाही.

तांब्याचे सांधे जोडतानाही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजन वाहता ठेवला नाही, तर आत काजळी धरते आणि पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तुंबतो. गॅस भरण्यापूर्वी नळ्या नायट्रोजनच्या सुमारे ४० बार दाबाखाली चोवीस तास ठेवायच्या. काटा उतरला, तर कुठेतरी गळती आहे. पुढे चालू हॉटेलात सांध्याभोवती तेलाचा डाग दिसला, तर तीच खूण.

बँक्वेट हॉलचे गणित पुन्हा वेगळे. तिथे ३०० माणसांना बाहेरची ताजी हवा भरपूर द्यावी लागते, आणि पावसाळ्यात ती दमट असते. व्हीआरएफची नेहमीची युनिटे खोलीतलीच हवा फिरवतात. त्यांच्या भरवशावर राहिले, तर लग्नात हॉल गार असूनही कोंदट आणि चिकट वाटतो. चिल्ड वॉटरवर चालणाऱ्या एअर हँडलिंग युनिटची जाड कॉइल याच कामासाठी असते. ती हवेतला ओलावा काढते आणि ताजी हवाही त्याच वाटेने आत घेते.

त्यामुळे या हॉटेलसाठी खोल्यांना लहान गटांतली व्हीआरएफ आणि हॉल, लॉबी व रेस्टॉरंटला हवेने गार होणारा पन्नास-साठ टनांचा चिलर, अशी विभागणी रास्त ठरते. दोन यंत्रणांची दोन देखभाल-कंत्राटे सांभाळावी लागतील, हा तिचा तोटा. खोल्या दोनशेवर गेल्या आणि हॉटेल बारमाही भरलेले असले, तर पारडे पुन्हा चिल्ड वॉटरकडे झुकते. म्हणून सही करण्याआधी मालकाने सल्लागाराकडून दोन कागद मागून घ्यावेत: एक चौथाई खोल्या भरलेल्या असताना यंत्रणा किती वीज घेईल याचा, आणि प्रत्येक गटातल्या गॅसचे वजन त्यातल्या सर्वांत लहान खोलीशी ताडून पाहिल्याचा.