गुणक एक, टक्के दुसरेच

अभियांत्रिकीच्या एका पदवीधराच्या हाती विद्यापीठाचा दाखला येतो. त्यावर सीजीपीए ६.४२ आहे. खाली छापील ओळ आहे, ‘सीजीपीएला ९.५ ने गुणून टक्केवारी काढली आहे’, आणि पुढे टक्केवारी ५६.७० लिहिली आहे. शिक्का आहे, सही आहे. नोकरीच्या जाहिरातीत किमान ६० टक्के मागितलेत. ६.४२ गुणिले ९.५ म्हणजे ६०.९९. प्रसंग कल्पित असला, तरी असा दाखला निघणं अवघड नाही.

पहिली प्रतिक्रिया साहजिकच ‘माझे चार टक्के खाल्ले’ अशी असते. पण कार्यालयात जाण्याआधी ५६.७० हा आकडा आला कुठून, हे पाहावं. ५६.७० ला ६.४२ ने भागलं तर ८.८३ च्या आसपास काहीतरी येतं. हा गुणक वाटत नाही. म्हणजे इथं नुसता गुणाकार झालेला नाही, आधी काहीतरी वजा केलेलं असावं. ५६.७० ला १० ने भागा, ५.६७ येतात. त्यात ०.७५ मिळवले की बरोबर ६.४२! म्हणजे हिशेब झाला तो (सीजीपीए − ०.७५) × १० या सूत्रानं.

हे सूत्र अभियांत्रिकीत सर्वपरिचित आहे. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ ला ५५ टक्के आणि ६.७५ ला ६० टक्के धरलेत, ते यातूनच. ९.५ हा गुणक मात्र शाळेतून आला. सीबीएसईनं दहावीच्या श्रेणीपद्धतीत ढोबळ टक्केवारीसाठी तो दिला होता. ९१ ते १०० गुण मिळवणाऱ्यांची सरासरी ९५ च्या जवळ येते, म्हणून दहा श्रेणीगुणांमागे ९५, असा तो हिशेब होता. पुढं तो पदवीच्या कागदांवरही जाऊन बसला. सगळ्या विद्यापीठांना लागू असा एकच गुणक नाही. एकाच विद्यापीठातही अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला की सूत्र बदलू शकतं. त्यामुळं दाखल्याचा छापील मसुदा एका पॅटर्नचा आणि गणित दुसऱ्याचं, अशी गफलत होऊ शकते.

आता खरी मेख. चूक आहे हे नक्की, पण ती ओळीत आहे की आकड्यात, हे दाखल्यावरून ठरत नाही. तुमच्या तुकडीला ९.५ लागू असेल तर ६०.९९ तुमचे. दुसरं सूत्र लागू असेल तर ५६.७० बरोबर, आणि दुरुस्त होईल ती फक्त छापील ओळ. म्हणून अर्जात ‘मला ६०.९९ द्या’ असं लिहिणं चुकीचं. हट्टाला नकार देणं सोपं असतं; नेमक्या विसंगतीचं उत्तर मात्र द्यावं लागतं.

अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे करावा. महाविद्यालयाची पद्धत तशी असेल तर प्राचार्यांमार्फत पाठवावा. मजकूर एवढा पुरे:

‘महोदय, मला मिळालेल्या सीजीपीए-टक्केवारी दाखल्यात (क्रमांक व दिनांक) गुणक ९.५ नमूद आहे. माझा सीजीपीए ६.४२ असून त्या गुणकानं टक्केवारी ६०.९९ येते. दाखल्यात ती ५६.७० आहे. हा आकडा (६.४२ − ०.७५) × १० या सूत्राशी जुळतो. माझ्या प्रवेशवर्षास व पॅटर्नला कोणतं सूत्र लागू आहे ते तपासून, त्याप्रमाणे दुरुस्त दाखला द्यावा व संबंधित परिपत्रकाची प्रत मिळावी, ही विनंती.’

खाली पीआरएन, प्रवेशवर्ष, शाखा आणि अर्जाची अंतिम तारीख लिहावी. सोबत सर्व सत्रांच्या गुणपत्रिका व दाखल्याची झेरॉक्स जोडावी. गुणपत्रिकांच्या मागच्या बाजूला कधीकधी सूत्र छापलेलं असतं. ते आधी वाचावं, अर्जाची गरजच उरणार नाही. सीजीपीएचा आकडाही शेवटच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहावा, कारण चुकून एका सत्राचा एसजीपीए तिथं पडला असेल तर पुढचा सगळा वाद फुकट. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

परिपत्रक मिळतच नसेल तर माहिती अधिकारात त्याची प्रत मागता येते. उत्तरासाठी कायद्यानं ३० दिवसांची मुदत आहे. पण भरतीची तारीख आठवड्यावर आली असेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही. तेव्हा संबंधित विभागाच्या उपकुलसचिवांना प्रत्यक्ष भेटावं.

दरम्यान ऑनलाइन अर्जात ६०.९९ भरून मोकळं होण्याचा मोह होईल. तो टाळा. कागदपत्र पडताळणीत दाखल्यावरचा आकडा पाहतात. बँकांच्या भरतीत तर ५९.९९ टक्केसुद्धा ६० पेक्षा कमीच धरतात, तिथं ५६.७० चा दाखला आणि ६०.९९ चा अर्ज एकत्र टिकणार नाहीत.