गणपतीत ‘१६ वर्किंग डेज’ म्हणजे नक्की किती दिवस?

व्हिडिओत हा भाग जरा घाईत झाला, म्हणून इथे सावकाश लिहितोय. शीट उघडूनच वाचा. एक्सेल असो नाहीतर गुगल शीट्स, दोन्हीकडे हे फॉर्म्युले सारखेच चालतात.

समजा, रत्नागिरीत तुमचं काजूचे छापील बॉक्स बनवायचं छोटं युनिट आहे. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने २४०० बॉक्सची ऑर्डर दिली, १२ रुपयाला एक, म्हणजे २८,८०० रुपये. तारीख सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. ऑर्डरवर लिहिलंय, “१६ वर्किंग डेजमध्ये माल पोचला पाहिजे, उशीर झाल्यास दर दिवशी २ टक्के कपात.” तुमच्याकडे दिवसाला १५० बॉक्स होतात. २४०० भागिले १५० म्हणजे बरोबर १६ दिवस. जमलं की! असं म्हणून सही करणारे पुष्कळ असतात.

पण १६ दिवस कोणाचे? गिऱ्हाइकाचं ऑफिस शनिवार-रविवार बंद. तुमचं युनिट शनिवारी चालू. त्यांना गणपतीची सुटी एक दिवस, २७ ऑगस्टला. तुमच्या मुलींना मात्र हरतालिका, चतुर्थी, ऋषिपंचमी आणि पुढे गौरी. कोकणात या दिवसांत “जरा येऊन जा गं” म्हणायची कोणाची हिंमत आहे? तेव्हा एकाच करारातले दोन पक्ष दोन वेगळी कॅलेंडरं धरून बसलेत.

आधी गिऱ्हाइकाचा हिशोब. `NETWORKDAYS` हा फॉर्म्युला काही न सांगता शनिवार-रविवार वगळतो. १८ ऑगस्ट ते १० सप्टेंबर एकूण २४ दिवस, त्यात तीन शनिवार आणि तीन रविवार, उरले १८. आता सुट्या. २७ ऑगस्ट तर आहेच. दुसरी ईद-ए-मिलादची, आणि इथे २०२५ मध्ये गंमत झाली होती. राज्य शासनाने मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांपुरती ती सुटी ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला दिली, आपल्याकडे ती ५ लाच राहिली. गिऱ्हाईक मुंबईचं, म्हणून त्याच्या यादीत ८ तारीख. १८ मधून दोन गेले, राहिले १६. म्हणजे त्याच्या लेखी शेवटची तारीख १० सप्टेंबर, बुधवार.

आता तुमचा हिशोब. B2 मध्ये सुरुवातीची तारीख टाका, C2 मध्ये १० सप्टेंबर. E2 पासून E8 पर्यंत युनिटच्या सुट्या लिहा: २६, २७, २८ आणि ३१ ऑगस्ट, मग १, २ आणि ६ सप्टेंबर. शेवटची अनंत चतुर्दशीची. मग हे टाइप करा:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,C2,11,$E$2:$E$8)
```

यातला `11` म्हणजे “आठवड्याची सुटी फक्त रविवार”. ज्यांचं दुकान सोमवारी बंद असतं त्यांनी `12` टाकायचं. उत्तर येतं १५. ताळा करून बघा: २४ दिवसांतून तीन रविवार गेले, २१ उरले. यादीत सुट्या सात, पण वजा झाल्या सहाच, कारण ३१ ऑगस्टला, गौरी आवाहनाच्या दिवशी, रविवारच होता. एकच दिवस फॉर्म्युला दोनदा कापत नाही, त्यामुळे यादीत रविवार आला म्हणून काढत बसू नका.

काम १६ दिवसांचं, हातात १५. आणि माल १० ला “पोचला” पाहिजे, म्हणजे वाहतुकीचा एक दिवस आणखी गेला. खरे दिवस १४.

इथे सुरुवातीची तारीखही नीट बघा. `NETWORKDAYS.INTL` पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस मोजतो. ऑर्डर १८ तारखेला संध्याकाळी सहाला पक्की झाली असेल तर त्या दिवशी एकही बॉक्स झालेला नाही, तरी फॉर्म्युला तो दिवस धरणार. मग B2 मध्ये १९ टाकायची.

आता उलटा प्रश्न, की गिऱ्हाइकाला तारीख कोणती द्यायची? काम १८ ला सकाळीच सुरू झालं असं धरू. यासाठी वेगळा फॉर्म्युला आहे:

```
=WORKDAY.INTL(B2-1,16,11,$E$2:$E$8)
```

हा सुरुवातीचा दिवस मोजत नाही, त्याच्या पुढचा दिवस पहिला धरतो. म्हणून मी `B2-1` लिहिलंय. उत्तर ४५९११ असा भलताच आकडा दिसला तर घाबरू नका, सेलचा फॉरमॅट ‘डेट’ करा, ११ सप्टेंबर दिसेल. माल १२ ला मुंबईत. तेव्हा सही करण्याआधीच फोन करायचा: “साहेब, गौरी-गणपतीत आमच्याकडे काम बंद असतं. १२ सप्टेंबर लिहा, नाहीतर पहिले २१०० बॉक्स १० ला घ्या आणि उरलेले ३०० नंतर.” १४ दिवसांत २१०० होतात, तेवढं ठामपणे सांगता येतं. नाही बोललात तर दोन दिवसांचे ४ टक्के, म्हणजे ११५२ रुपये गेले. माझं मत विचाराल तर करारात ‘वर्किंग डेज’ लिहूच देऊ नका, तारीखच लिहून घ्या.

फॉर्म्युला बरोबर असूनही उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा यादीमुळे. शीटची सेटिंग अमेरिकन असेल तर ०६/०९/२०२५ ही तिच्या लेखी ९ जून होते. एरर येत नाही, फक्त अनंत चतुर्दशी वजा होत नाही. २७/०८ चं तर तिला काहीच कळत नाही, कारण २७ वा महिना नसतो, मग ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. दोन तपासण्या करा. `=COUNT(E2:E8)` चं उत्तर ७ यायला हवं, कारण तो खऱ्या तारखाच मोजतो. आणि शेजारी F2 मध्ये `=TEXT(E2,"ddd d mmm")` लिहून खाली ओढा. वार आणि महिना डोळ्यांसमोर आला की भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघायला मिनिटही लागत नाही.

ती `$` चिन्हंही विसरू नका. ती नसतील तर फॉर्म्युला खालच्या ओळीत ओढल्यावर E2:E8 चं E3:E9 होतं आणि हरतालिकेची सुटी गुपचूप गळते. १५ चे १६ झाले की सगळं कसं छान जमल्यासारखं वाटतं!

बँकेचे दिवस मोजायचे असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारसाठी तयार कोड नाही. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार बंद असतात. आठवड्याची सुटी `11` च ठेवायची आणि ते शनिवार सुट्यांच्या यादीत घालायचे. आपल्या उदाहरणात २३ ऑगस्ट चौथा शनिवार होता. बँकेची यादी मात्र वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, युनिटच्या यादीत मिसळू नका.

आणि अर्धा दिवस या फॉर्म्युल्याला कळत नाही. विसर्जनाच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत काम चालणार असेल तर तो दिवस यादीत ठेवायचा आणि उत्तरात हाताने ०.५ मिळवायचा.

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. जुन्या यादीवर नव्या वर्षाच्या तारखा टाकल्यात तर फॉर्म्युला निमूटपणे एकही सुटी वजा न करता उत्तर देईल. म्हणून यादीच्या डोक्यावर, E1 मध्ये, वर्ष लिहून ठेवा.