काठमांडूच्या डोक्यावरचं झाकण

जानेवारीतल्या शांत सकाळी काठमांडूभोवतालच्या डोंगरावर उभं राहिलं, तर वर स्वच्छ ऊन असतं आणि खाली राखाडी धुरकं. त्या धुरक्याचा वरचा काठ अगदी सपाट दिसतो. वीटभट्टीचा धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरतो. तापमानाचा थर उलटा झाल्याची ही डोळ्यांना दिसणारी खूण.

एरवी हवा उंचीबरोबर थंड होत जाते. साधारण किलोमीटरमागे साडेसहा अंश. त्यामुळे जमिनीलगतची उबदार हवा धूर घेऊन वर निघून जाते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री मात्र जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि तिला टेकलेली हवा गारठते. डोंगरउतारांवरची थंड, जड हवाही घरंगळत तळाशी साचते. वर उबदार, खाली थंड अशा रचनेत खालची हवा वर उठतच नाही.

काठमांडूचं खोरं सुमारे 1,300 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं. त्यात सकाळी वाहनं रस्त्यावर येतात, चुली पेटतात, भट्ट्या तर रात्रभर धुमसत असतात. सगळा धूर त्या पातळ थरातच कोंडतो. म्हणून प्रदूषणाचा कळस सकाळी येतो आणि दुपारी खिंडींतून पश्चिमेचा वारा शिरला की हवा बरीच निवळते. संध्याकाळी वारा पडतो, धूर पुन्हा साचू लागतो.

पहाटे धावायला जाणाऱ्यांनी हे वेळापत्रक जरूर लक्षात घ्यावं. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्रीनंतर हा थर दुबळा असतो.