पुराच्या पाण्याखालचा खड्डा

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन कमानी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री वाहून गेला. तेव्हापासून पूल म्हटलं की आपण वर बघतो. दगड निखळलेत का, सांध्यातून पिंपळ उगवलाय का, कठडे हलतात का. नव्या पुलाच्या अहवालात मात्र एक प्रकरण असं असतं की ते फक्त खाली बघतं. पूर आल्यावर खांबाभोवतीची रेती किती खोलवर निघून जाईल, आणि पाया त्याच्याही खाली किती पोचला पाहिजे, एवढंच त्याला ठरवायचं असतं. इंजिनियर याला ‘स्कावर’ म्हणतात. कागदावर हे जेमतेम चार पानांचं काम, पण पुलाच्या आयुष्याचा निकाल बहुधा याच पानांवर लागलेला असतो.

समुद्राकाठी उभं राहिलं की परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते आणि आपण हळूच कलंडतो. खांबाचंही तसंच होतं. समोरून येणारं पाणी खांबाच्या नाकावर आपटतं, तिथून थेट तळाकडे वळतं आणि पायथ्याशी भोवरा धरून दोन्ही बाजूंनी निसटतं. हा भोवरा रेती उकरतो, त्यामुळे सर्वांत खोल खड्डा सहसा प्रवाहाच्या वरच्या अंगाला, खांबाच्या नाकाखाली पडतो. हे सगळं घडतं ते पूर ऐन भरात असताना, गढूळ पाण्याखाली. पूर ओसरला की वरून येणारा गाळ त्याच खड्ड्यात बसतो आणि पावसाळ्यानंतर तळ पुन्हा सपाट दिसतो. म्हणून जानेवारीत नदीत उतरून ‘इथं काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्याच जागी लोखंडी सळई दाबून बघावी. नव्याने भरलेल्या गाळात ती सहज आत जाते आणि मूळच्या दबलेल्या थरात अडते.

हिशेब कळावा म्हणून एक पूल कल्पू. घाटातून उतरणारी नदी आहे, पुलाच्या वर तिचं पाणलोट क्षेत्र ४२० चौरस किलोमीटर आहे. पूर किती येईल? नदीवर मोजणी केंद्र असेल तर जुन्या नोंदी मिळतात. बहुतेक लहान नद्यांवर ते नसतं. मग सह्याद्रीच्या पाणलोटांसाठी इंग्लिस यांनी बसवलेलं सूत्र कामी येतं. सर क्लॉड इंग्लिस हे पुण्याच्या जलसंशोधन केंद्राचे संचालक होते. तेच केंद्र आज खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र म्हणून उभं आहे. त्यांच्या सूत्राने आपल्या नदीचा पूर सेकंदाला साधारण २,५०० घनमीटर येतो. पण चांगला अहवाल एका सूत्रावर थांबत नाही. पथक गावात जातं, देवळाच्या भिंतीवरची पाण्याची खूण विचारतं, म्हाताऱ्या माणसांना ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं’ हे दाखवायला लावतं. त्या पातळीवरून नदीचा छेद आणि उतार धरून विसर्ग पुन्हा काढतात. दोन आकडे जवळ आले तर ठीक; फार लांब असले तर कुठेतरी घोटाळा आहे हे समजावं आणि मोठा आकडा का सोडला याचं कारण अहवालात लिहिलेलं असावं.

पायाचा हिशेब यावरही थांबत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेप्रमाणे, पाणलोट तीन हजार चौरस किलोमीटरपर्यंत असेल तर खड्ड्यासाठी हा पूर आणखी ३० टक्क्यांनी वाढवून धरतात. लहान नद्यांचा पूर अचानक येतो आणि अंदाज जास्त चुकतो, म्हणून ही वाढ. पाणलोट मोठा होत जातो तशी ती कमी होते. म्हणजे आपल्याला ३,२५० घनमीटर धरायचे. पुलाखाली पाण्याला मोकळी वाट १८० मीटरची ठेवली आहे, तर प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला १८ घनमीटर पाणी जाणार. खड्ड्याची खोली ठरवतो तो हा १८चा आकडा. नदीतलं एकूण पाणी नाही. म्हणून दोन्ही बाजूंना भराव टाकून पूल आखूड करणं स्वस्त वाटतं खरं, पण त्याची किंमत खाली मोजावी लागते. आपल्या नदीला मोकळं सोडलं तर ती अंदाजे २४० मीटर रुंदी घेते. तेवढी वाट दिली असती तर खांबाजवळचा खड्डा सुमारे तीन मीटर उथळ निघाला असता.

आता तळ. इथे जेराल्ड लेसी यांचं सूत्र वापरतात. पंजाबच्या कालव्यांत, बारीक रेतीत वाहणाऱ्या पाण्यावरून त्यांनी ते १९३०च्या सुमारास मांडलं. मीटरमागच्या विसर्गाचा वर्ग करायचा, त्याला रेतीच्या जाडीवरून येणाऱ्या ‘सिल्ट फॅक्टर’ने भागायचं, घनमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. रेतीचा सरासरी कण अर्धा मिलिमीटर असेल तर हा फॅक्टर १.२५ येतो आणि सरासरी खोली निघते साडेआठ मीटर. खांबाजवळ मात्र भोवऱ्यामुळे ती दुप्पट धरतात. ही दुप्पट इंग्लिस यांनीच पुण्यात बसून, देशातल्या १७ पुलांजवळच्या प्रत्यक्ष खड्ड्यांवरून ठरवली. म्हणजे पूरपातळीपासून खाली १७.१ मीटर. आपल्या नदीची पूरपातळी ५२.० मीटर आणि कोरडा तळ ४३.० मीटर मानू. मग खड्ड्याचा तळ ३४.९ मीटरवर येतो. उन्हाळ्यात ज्या रेतीवर पोरं क्रिकेट खेळतात, तिच्याखाली आठ मीटर. आणि त्याच्याही खाली पाया एक तृतीयांश खोलीने जास्त न्यायचा असतो, म्हणजे ५.७ मीटरची पकड. विहीर २९.२ मीटरपर्यंत उतरवली पाहिजे.

या सगळ्यात मला सर्वांत कच्चा दुवा वाटतो तो रेतीचा नमुना. पुराचा आकडा सूत्रं, नोंदी, गावकरी अशा तीन बाजूंनी तपासला जातो. नमुन्याचं तसं नाही. एक कामगार फावड्याने पिशवी भरून आणतो आणि प्रयोगशाळा ती चाळते. आता समजा, त्याने पिशवी भरली ती नदीच्या उघड्या वाळवंटातून, जिथे पुराने बारीक रेती धुऊन नेली आहे आणि वर फक्त जाड खडीसारखी वाळू उरली आहे. कण दोन मिलिमीटरचा निघेल, फॅक्टर अडीचच्या आसपास जाईल, आणि खांबाजवळची खोली १७.१ ऐवजी १३.६ मीटर येईल. एक तृतीयांशाची भर घालून विहिरीचा तळ ठरेल ३३.९ मीटरवर. कागदावर सगळं नियमानुसार आहे, सही-शिक्का झाला आहे. पण खऱ्या रेतीत खड्डा जाणार आहे ३४.९ पर्यंत. म्हणजे पावणेसहा मीटरच्या पकडीच्या जागी एका मीटरची. एवढ्या पकडीवर पुरात उभी असलेली विहीर कलते. म्हणून कणाची सरासरी बोअर घेऊन, खड्डा जिथवर जाणार तिथवरच्या सगळ्या थरांवरून काढायची असते.

लेसींचं सूत्र मुळात सुट्या, बारीक रेतीसाठी आहे. चिकणमातीत, गोट्यांच्या नदीत किंवा कातळावर ते जसंच्या तसं लावता येत नाही. चिकणमाती कणाकणाने उडत नाही, ती ढेकळांनी सुटते. तिच्यासाठी मातीची चिकटण्याची ताकद मोजावी लागते. कोकणात आणि दख्खनवर अनेकदा कातळ वरच लागतो, तेव्हा पाया कठीण खडकात निदान ०.६ मीटर आणि मऊ खडकात दीड मीटर रुतवतात. मऊ खडक म्हणजे काय, हा वादाचा विषय आहे. ‘हार्ड मुरूम’ म्हणून नोंदलेला थर पाण्यात भिजवून बघितला की त्याची नोंद बऱ्याचदा बदलते.

तळ कठीण आहे अशी समजूत किती महाग पडते, हे न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहरी नदीवरच्या पुलाने दाखवलं. १९५४ साली वाहतुकीला खुला झालेला हा पाच गाळ्यांचा महामार्गाचा पूल. त्याचे पाये विहिरींचे किंवा पाइलचे नव्हते. हिमनदीने मागे ठेवलेल्या घट्ट मातीवर, तळाखाली जेमतेम दोन मीटर टेकवलेली रुंद काँक्रीटची बैठक होती. ही माती वाहत नाही असं धरलं होतं, आणि राखण म्हणून भोवती मोठे दगड टाकायचे ठरलं होतं. १९५५च्या पुरात त्यातले बरेच दगड हलले. ते पूर्वीसारखे कधी भरले गेले नाहीत. पुलाची तपासणी नियमाने होत राहिली, पण पाण्याखाली जाऊन पाया बघितला नव्हता. ५ एप्रिल १९८७ रोजी वितळलेल्या बर्फाचा आणि पावसाचा पूर आला, तिसऱ्या खांबाखालून सुमारे तीन मीटर खोल खड्डा झाला आणि खांब कोसळून दोन गाळे खाली आले. दहा माणसं गेली. १९५५चा पूर या पुरापेक्षा मोठा होता. त्यात हाच पूल टिकला होता. त्यानंतर अमेरिकेत पाण्यावरच्या पुलांची खड्ड्यासाठी तपासणी करायची सक्ती झाली.

म्हणजे हिशेब एकदा करून कपाटात ठेवण्याजोगा नाही. आपल्याकडे त्याला बिघडवणारं मोठं कारण वाळूउपसा. पुलाच्या खालच्या अंगाला ड्रेजर चालला की तळ वरपर्यंत खचत येतो आणि ४३ मीटरवर धरलेला कोरडा तळ ४० वर जातो. विहिरीची पकड पूर न येताच कमी झालेली असते. हे ओळखायचं तर दर पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक खांबाभोवती दोरी-वजनाने किंवा सोनारने तळाची पातळी घ्यावी आणि ती अहवालातल्या पातळीशेजारी लिहावी. वरून दिसणाऱ्या खुणा उशिरा येतात: कठड्याच्या सरळ रेषेत पडलेला बाक, एका बाजूला रुंद झालेला सांधा, डांबरावर एकाएकी जाणवणारी उडी. अशी खूण दिसल्यावर वाहतूक सुरू ठेवून पाहणी करायची नसते, आधी पूल बंद करायचा असतो.

तुमच्या गावच्या पुलाचा अहवाल माहितीच्या अधिकारात मागितलात, तर त्यात तीन पातळ्या शोधा: पूरपातळी, खड्ड्याचा तळ आणि पायाचा तळ. सोबत बोअरच्या नोंदी जोडल्या आहेत का, आणि रेतीचा नमुना किती खोलीवरून घेतला, हे पाहा. नमुन्याची खोली लिहिलेली नसेल, तर त्या पुलाचा पाया किती खोल हवा होता हे कोणालाच ठाऊक नाही.