आठ घरांचं कार्ड

आमच्या पार्लरमध्ये काउंटरच्या खणात एक जुनं कार्ड आहे. त्यावर दहापैकी नऊ शिक्के आहेत. ते ज्यांचं होतं त्या शाळेत शिकवतात. आई आणि दोन मुली मिळून एकाच कार्डावर शिक्के घ्यायच्या. दहाव्या शिक्क्यासाठी आल्या तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते. आम्ही कार्डाची मागची बाजू दाखवली, तिथं बारीक अक्षरांत ‘अटी लागू, मुदत सहा महिने’ असं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. बिल दिलं, कार्ड काउंटरवरच ठेवलं आणि गेल्या. तीन महिन्यांनी मोठ्या मुलीच्या शादीची तयारी त्यांनी दुसऱ्या पार्लरमध्ये केली.

आम्ही दोघी नणंद-भावजय घराच्या पुढच्या खोलीत फक्त बायकांसाठी पार्लर चालवतो. ते पहिलं कार्ड आम्ही दुसरीकडचं पाहून छापलं होतं : ‘दहा वेळा या, एक फेशिअल मोफत!’ दोनशे कार्डं वाटली आणि वर्षभरात पूर्ण भरून आली फक्त नऊ. बायकांना फुकटचं नको असतं असं थोडंच आहे! मग चुकलं कुठं, हे पाहायला आम्ही रोजची वही काढली.

नेहमी येणाऱ्या चाळीस जणींची नावं एका कागदावर उतरवली आणि प्रत्येकीच्या दोन भेटींमध्ये किती दिवस गेले ते पुढे लिहिलं. सरासरी काढली नाही, कारण त्यात दुबईला नवऱ्याकडे सहा महिने राहून आलेलीही होती आणि तिच्या एका आकड्यानं सगळा हिशेब बिघडला असता. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले आणि मधला पाहिला. तो निघाला ३८ दिवस. म्हणजे पहिला शिक्का आज मिळाला तर उरलेल्या नऊ शिक्क्यांना ३४२ दिवस लागणार, आणि मुदत सहा महिन्यांची! आमच्या साध्या गिऱ्हाइकाला ते कार्ड भरता येणारच नव्हतं.

नवं कार्ड त्या ३८ दिवसांवरून बेतलं. घरं आठ ठेवली, पण कार्ड हातात देतानाच दोन भरून देतो. एक त्या दिवसाच्या भेटीचा शिक्का, एक आमच्याकडून. सातच घरं ठेवून एक भरून दिलं असतं तर आमचं काम एका शिक्क्यानं सोपं झालं असतं. पण सुरुवात झालेली दिसली की माणूस ती पुरी करायला निघतो. अमेरिकेतल्या नुनेस आणि ड्रेझ या दोन अभ्यासकांनी कार धुण्याच्या एका केंद्रावर हे करून पाहिलं आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. निम्म्या गिऱ्हाइकांना आठ कोऱ्या घरांचं कार्ड दिलं, निम्म्यांना दहा घरांचं, त्यात दोन आधीच भरलेली. दोघांनाही गाडी आठच वेळा धुवायची होती. पहिल्या गटातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी.

पण कार्ड भरलं म्हणजे बाई लवकर येऊ लागली असं होत नाही. नुसत्या शिक्क्यांनी जी येणारच होती तिलाच बक्षीस मिळतं. म्हणून प्रत्येक भेटीच्या शेवटी आम्ही कार्डावर पेनानं पुढची तारीख लिहितो, आजपासून तीस दिवसांची. त्या तारखेच्या आत आली तर दोन शिक्के, नंतर आली तर एक. सावकाश येणारीचं कार्ड सात-आठ महिन्यांत भरतं, तारीख पाळणारीचं तीन महिन्यांत. तीस दिवसांहून कमी मुद्दाम केलं नाही. वॅक्सिंगला केस धरण्याइतके वाढायला तीन-चार आठवडे लागतात आणि फेशिअलही महिन्यातून एकदा पुरे. घाईनं बोलावून कातडी लाल करून पाठवली तर पुढचा शिक्का कुणाला हवाय?

बक्षिसात फेशिअल ठेवणं हीही चूकच होती. जी दर महिन्याला पैसे देऊन फेशिअल करते, तिनं एक फुकट घेतलं की आमचं एक बिल बुडतं. आता आम्ही डोक्याची तेलमालिश आणि वाफ देतो. दरपत्रकात तिचे ३०० रुपये आहेत, म्हणून किंमत सगळ्यांना ठाऊक असते, पण फारशा जणी ती स्वतःहून घेत नाहीत. आम्हाला तेल, टॉवेल धरून साधारण ७० रुपये पडतात आणि अर्धा तास जातो. तो अर्धा तास मंगळवार ते गुरुवार दुपारचा असतो, जेव्हा खुर्ची तशीही रिकामी असते. आमचं बिल साधारण ३५० रुपयांचं. लवकर कार्ड भरणारी तोवर चार वेळा आलेली असते, म्हणजे १४०० रुपयांवर ७० चा खर्च. दहा टक्के सूट दिली असती तर १४० गेले असते, आणि सूट घरी पोचेपर्यंत विसरली जाते.

शब्दांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. ‘लॉयल्टी कार्ड’ म्हटल्यावर आमच्या खालांनी विचारलं होतं, “हे बँकेचं आहे का?” ‘दहाव्या वेळी मोफत’ म्हणजे दहावी भेट की दहानंतरची, यावर तर भांडणंही झाली होती. आता कार्डावर एवढंच आहे, सगळं एकाच आकाराच्या अक्षरांत :

‘आठ घरं भरली की पुढच्या भेटीत डोक्याची तेलमालिश आणि वाफ आमच्याकडून. मंगळवार ते गुरुवार, दुपारी १२ ते ४. बिल २०० रुपये किंवा जास्त असेल तर एक शिक्का; खालच्या तारखेच्या आत आलात तर दोन. घरातल्या कुणीही वापरावं. कार्ड दिल्यापासून एक वर्ष चालेल. रमजानचा महिना त्यात धरलेला नाही. चांदरातीआधीचे पाच दिवस शिक्का मिळेल, तेलमालिश नाही.’

शिक्का कामाला नाही, बिलाला आहे, याचंही कारण आहे. काही जणी भुवया करून घेत नाहीत, काही फक्त केसांना मेंदी लावायला येतात. कामांची यादी केली असती तर कुणीतरी बाहेर राहिलंच असतं.

कागद चकचकीत घेऊ नका. पहिल्या कार्डावर शाई पसरायची आणि पेन चालायचं नाही. जाड, साधा कागद बरा. तयार शिक्का बाजारात कुणालाही मिळतो, म्हणून प्रत्येक शिक्क्यावर आम्ही सही आणि तारीख टाकतो. त्या तारखांमुळे किती दिवसांनी आली तेही कार्डावरच दिसतं. नाव आणि मोबाइल नंबर मात्र कार्डावर नाही, फक्त क्रमांक. नाव आमच्या वहीत. बऱ्याच जणींनी दिलेला नंबर घरच्या पुरुषाचा असतो, त्यावर पार्लरचे निरोप गेलेले त्यांना आवडत नाहीत. ज्यांना कार्ड सांभाळणं नको, त्यांचं आम्ही डब्यात ठेवतो.

सहा महिन्यांनी त्याच चाळीस जणींचे दिवस पुन्हा मोजले. ईदच्या आधीच्या भेटी सोडून दिल्या, कारण तेव्हा कार्ड नसतं तरी त्या आल्याच असत्या. मधला आकडा ३८ वरून ३३ वर आला. बारा-तेरा जणींमध्ये काहीच फरक नाही. त्यांचा घरखर्च ठरलेला आहे, शिक्क्यानं तो वाढत नाही. सात जणी आधीपासूनच महिन्याच्या आत यायच्या, त्यांना प्रत्येक वेळी दोन शिक्के मिळतात आणि आमचं त्यात नुकसानच आहे. तरी त्यांच्यासाठी वेगळा नियम केला नाही, कारण दोन बायका शेजारी बसून कार्डं ताडून पाहतातच.

जुनी कार्डं, मुदत संपलेलीसुद्धा, आम्ही शिक्के मोजून नव्यावर उतरवून देतो. त्या बाजींच्या धाकट्या मुलीबरोबर निरोप पाठवला आहे की तुमचं कार्ड पूर्ण धरलंय, कधीही या. अजून आल्या नाहीत.